पाडव्याचा निरोप: कोण कुणाला काय म्हणतो

संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना काय म्हणायचे, हे मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दसऱ्याला आपट्याचे पान देताना 'सोनं घ्या' हे शब्द आपसूक तोंडात येतात. चैत्र पाडव्याला मात्र असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाक्य नाही. याचे कारण त्या दिवसाच्या रचनेतच सापडते. पाडवा हा मुळात उंबरठ्याच्या आतला सण आहे. पहाटे काठी धुवायची, गुढी उभारायची, कडुलिंबाचा कोवळा पाला चावायचा, पंचांगातले संवत्सरफल ऐकायचे, दुपारी गोडाचे जेवायचे आणि सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची. कुणाच्या दारी जाऊन काही देण्याघेण्याचा भाग त्यात नव्हता, म्हणून त्या देण्याबरोबर म्हणायचे वाक्यही घडले नाही. ही रिकामी जागा पुढे छापील कार्डांनी भरली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीतून पसरलेल्या शोभायात्रांबरोबर चौकाचौकांतल्या फलकांनी भरली आणि आता फोनने ती पुरती व्यापली आहे. 'आपणांस व आपल्या परिवारास मराठी नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य आज आत्यालाही जाते, साहेबालाही जाते आणि शाळासोबत्यालाही जाते. वाक्यात चूक काहीच नाही. ते अनोळखी माणसासाठी लिहिलेले आहे, एवढीच त्याची अडचण आहे. या संग्रहातले नमुने वाचण्याआधी एक गोष्ट मांडणे मला आवश्यक वाटते. मराठीत शुभेच्छेचा सूर 'हार्दिक', 'मनःपूर्वक' अशा विशेषणांनी ठरत नाही. देणारा कोण आणि मागणारा कोण, यावरून तो ठरतो. थोरांकडे आपण मागतो, सहकाऱ्याला देतो आणि मित्रावर हक्क सांगतो.

हे माझे म्हणणे नवे नाही. ते आपल्या पत्रव्यवहारात होतेच. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांना मुंबई समुद्राच्या वाटेने जवळ होती. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचने माणसे गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत कामाला गेली आणि त्यांची कार्डे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या घरी येत राहिली. हे कार्ड एकाला लिहिलेले असले तरी ते घरात मोठ्याने वाचले जाई. त्यामुळे लिहिणाऱ्याला एकाच पंधरा-वीस ओळींत वडील, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि तिच्या कडेवरचे मूल अशा सगळ्यांशी बोलावे लागे. त्याने यावर काढलेला तोडगा फार हुशारीचा होता. मायना घरातल्या सर्वांत थोर माणसाचा, म्हणजे 'तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.' असा, आणि शेवटी 'घरातील थोरांस नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद'. शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. या सगळ्या पत्रात वडिलांना 'शुभेच्छा' देण्याची कल्पनाच नव्हती. नमस्कार वर जाई आणि आशीर्वाद खाली येई. बरोबरीच्याला फक्त 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि शेवटी 'लोभ असावा'. ही अक्षरे आज कोणी लिहीत नाही, लिहू नयेत असेही कोणी म्हणेल. पण नमस्कार कुठल्या दिशेने जातो आणि आशीर्वाद कुठून येतो, हे त्यांनी जितके नेमके सांगितले तितके नंतरच्या कुठल्याही कार्डाने सांगितलेले नाही.

ही दिशा क्रियापदात दिसते. 'सुखी राहा', 'औक्षवंत हो', 'मोठा हो' ही आज्ञार्थी रूपे आहेत. ती आजीने नातवाला म्हटली की आशीर्वाद होतो. नातवाने आजीला 'सुखी राहा' म्हटले तर शब्द तेच असून कानाला खटकते, कारण आशीर्वाद देण्याचा हक्क वयाने मिळतो आणि नातवाने तो मधूनच उचललेला असतो. नातवाला तीच इच्छा व्यक्त करायची असेल तर भाषेने त्याला दुसरी वाट दिली आहे. 'तुमची प्रकृती चांगली राहो', 'तुम्हाला उदंड आयुष्य लाभो' असे तो म्हणतो. इथे आज्ञा आजीला नसते. आजीच्या वतीने देवाकडे किंवा दैवाकडे केलेली ती मागणी असते. त्याहून सोपी आणि मला अधिक आवडणारी वाट म्हणजे काहीच न देता मागणे. श्रीवर्धनला सुपारीची वाडी सांभाळणाऱ्या काकांना पुतण्याने लिहिलेला निरोप असा असू शकेल: 'ती. काकांना साष्टांग नमस्कार. सकाळी गुढी उभारली, नैवेद्य झाला. काकूंच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? ऊन वाढलंय, दुपारी वाडीत शिंपण्याला जाऊ नका असं सांगायचा मला अधिकार नाही, पण काकूंनी सांगितलंच असेल. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात सगळे येतो. आशीर्वाद असू द्यावा.' यात नववर्ष हा शब्दही नाही आणि शुभेच्छाही नाहीत. तरी पाडव्याला काकांना जे हवे असते ते सगळे त्यात आहे: घरात सण झाला, आमची आठवण आहे, मुले येणार आहेत. पुतण्याने काळजीही केली आहे, पण ती काकूंच्या तोंडी घालून; थोरांना सल्ला द्यायची आपल्याकडची रीत हीच. थोरांसाठीच्या निरोपात भारदस्तपणा यावा म्हणून काही जण शके आणि संवत्सराचे नाव जोडतात. हौस असेल तर जोडावे, पण पंचांग आधी पाहावे. शके १९४६ हे क्रोधी संवत्सर होते आणि शके १९४८ चे नाव पराभव आहे. 'पराभव संवत्सराच्या शुभेच्छा' वाचून काका काय म्हणतील, ते मी सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप संक्रांतीवरूनच येईल. तिळगूळ देताना लहान मूल आजोबांना सरळ 'घ्या' आणि 'बोला' म्हणते, ती आज्ञा नव्हे काय? आहे. पण ते वाक्य मुलाचे नाही, सणाचे आहे. ते म्हणताना मूल काही हातावर ठेवते आणि लगेच वाकून नमस्कारही करते. ठरलेल्या वाक्याला ही मुभा असते. पाडव्याला तसे वाक्यच नसल्याने लिहिणाऱ्याला आपले शब्द स्वतः जुळवावे लागतात आणि स्वतः जुळवलेल्या शब्दांना तो जबाबदार असतो. दुसरा आक्षेप या किनाऱ्यावरचाच आहे आणि तो अधिक वजनदार आहे. इथल्या आगरी-कोळी घरांत आईला, आजीला, कित्येकदा बापालाही 'तू'च म्हणतात. थोरला भाऊ 'दादूस' असतो आणि त्यालाही 'तू'. मग थोरांचा सूर वेगळा असतो या म्हणण्याचे काय राहिले? उलट, माझ्या मते त्या घरांनी माझाच मुद्दा अधिक स्पष्ट केला आहे. आदर सर्वनामात असतो, ही समजूत शहरी पांढरपेशा लेखनातून आली. 'आये, तुझ्या पाया पडतो' या वाक्यात 'तू' आहे आणि दिशाही अगदी स्वच्छ आहे. उलट 'आपणांस हार्दिक शुभेच्छा' यात 'आपण' आहे आणि दिशा कुठेच नाही. म्हणून घरात जे सर्वनाम चालते तेच निरोपात ठेवावे. फोनवर 'तू' म्हणणाऱ्या मुलाने पाडव्याला अचानक 'आपण' लिहिले तर आईला आधी वाटेल की हे कुणीतरी पाठवलेले पुढे ढकलले आहे, आणि बहुतेक वेळा तसेच असते.

तिसरा आक्षेप मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. वर-खाली अशी भाषा बोलणारी ही सगळी व्यवस्था विषमतेची नाही का? ती होती, आणि या जिल्ह्यात ती विसरणे शक्य नाही. पूर्वी महार माणसाने वरच्या म्हणवणाऱ्याला 'जोहार' घालायचा, हे अभिवादनच त्याची जागा दाखवण्यासाठी होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन डॉ. आंबेडकरांनी जे सुरू केले, त्या चळवळीत 'जोहार' गेला आणि पुढे 'जय भीम' आला. 'जय भीम' म्हणणारा आणि त्याला 'जय भीम'नेच उत्तर देणारा दोघे एका पातळीवर उभे असतात. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसायचे बंद केले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. खोतापुढे वाकण्याची सवय मोडणे हाही त्या संपाचाच भाग होता. हे सारे ध्यानात ठेवून मी एवढेच म्हणेन, की जन्माने किंवा जमिनीने लादलेला नमस्कार आणि वयाला मनाने केलेला नमस्कार या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारच्या खुणा मायन्यांतूनही काढून टाकल्याच पाहिजेत. 'रा. रा.' कुणाला लावायचे आणि कुणाला नाही याचा हिशेब, विधवेच्या नावामागचे 'गं. भा.', सुनेला दिलेला एकमेव आशीर्वाद म्हणून 'अखंड सौभाग्यवती' हे आज लिहिण्याजोगे नाही. पण त्या खुणा काढण्यासाठी आजीला आणि कचेरीतल्या कारकुनाला एकच वाक्य पाठवावे लागत नाही. आंबेडकरी घरांनी स्वतःचा मार्ग काढलाच आहे. तिथे 'मंगलकामना' लिहितात आणि वडीलधाऱ्यांना 'जय भीम' म्हणून पायाही पडतात.

कचेरीत सूर बदलतो, कारण तिथे मागायचेही नसते आणि हक्कही सांगायचा नसतो. इथला निरोप फक्त देण्याचा, आणि परतफेडीची वाट न पाहणारा असावा. त्याची नेमकी कसोटी २०२५ साली लागली. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. दुसऱ्या दिवशी ३१ मार्च, म्हणजे मार्च अखेर. आणि त्याच दिवशी रमजान ईद. अलिबागला जिल्ह्याची मुख्य कचेरी आहे. थळचा खत कारखाना, पेणजवळच्या डोलवीतला पोलाद कारखाना, उरणचे बंदर, यांतल्या कुठल्याही लेखा विभागात त्या दोन दिवसांत काय चालले असेल याची कल्पना करावी. अशा वेळी लेखा विभागातल्या बाईंना पाठवायचा निरोप दोन ओळींचा असावा: 'मॅडम, पाडव्याच्या शुभेच्छा. आज उत्तर नाही दिलंत तरी चालेल, मार्च आटोपला की बोलू.' यात 'शुभेच्छा' हा शब्द आला आणि तो इथे शोभतो, कारण तो बरोबरीच्यांचा शब्द आहे. घरच्यांची चौकशी नाही, 'वहिनींना सांगा' नाही, देवाचे चित्र नाही, आणि शेवटी 'ते बिल तेवढं बघा' तर मुळीच नाही. सणाच्या निरोपाला कामाचे शेपूट जोडले की तो निरोप राहत नाही, तगादा होतो. मुरुड-श्रीवर्धनकडच्या मुस्लिम सहकाऱ्याबाबत त्या दोन दिवसांत एक चूक सर्रास झाली असणार: 'पाडव्याच्या व ईदच्या शुभेच्छा' अशी एकत्र बोळवण. त्यापेक्षा ईदचा निरोप ईदच्या दिवशी, वेगळा पाठवावा. त्याचा सण आपल्या सणाच्या ओळीत शेवटी बसवण्यात सोय आपली असते, मान त्याचा नसतो.

या किनाऱ्यावर एवढी काळजी घ्यावी लागते, कारण इथे वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. दुकानदाराची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पुजली जाते. कोळ्याचे काम पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपल्यावर सुरू होते आणि त्याची समुद्राशी नवी बोलणी नारळी पौर्णिमेला होतात. अलिबाग-रेवदंडा भागात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राएलींनी रोश हशानाला 'नव्याचा सण' असे मराठी नाव दिले होते. तो भाद्रपद-आश्विनात येतो. त्यांतले बहुतेक आता इस्राएलात आहेत, पण अलिबागच्या इस्राएल आळीतले सिनेगॉग उभे आहे. अशा शेजारी कचेरीच्या गटावर 'आज आपल्या सर्वांचे नववर्ष' असे लिहिणे नेमके नाही. 'आज पाडवा' एवढे पुरते. कचेरीत वयाचा आणि पदाचा मेळ बसत नाही, हाही एक पेच असतो. तिशीतला अधिकारी आणि निवृत्तीला आलेला शिपाई, ज्याला सगळे 'मामा' म्हणतात, यांच्यात नमस्कार कुणी कुणाला करायचा? पद कामाच्या वेळेपुरते असते, वय सणाच्या दिवशीही असते. अधिकाऱ्याने 'मामा, नमस्कार, पाडवा गोड होऊ दे' म्हणावे. मामा 'साहेब' म्हणणे सोडणार नाहीत हे ठरलेलेच आहे, आणि त्यांना सोडायलाही लावू नये. एक गोष्ट मात्र साहेबाने कधीच करू नये: हाताखालच्या माणसांना आशीर्वाद देणे. पगारपत्रकावर सही करण्याने कोणी वडीलधारे होत नाही.

मित्रांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण इथे नियमापेक्षा ओळख अधिक उपयोगी पडते. जवळच्या मित्राकडून 'आपणांस व आपल्या परिवारास' आले तर माणूस आधी विचार करतो, याला झाले काय? मैत्रीत शुभेच्छा देणे म्हणजे अंतर मोजणे. तिथे बोलावणे, चिडवणे, उसने परत मागणे हेच शुभेच्छेचे काम करते. चैत्रापर्यंत अलिबागकडच्या शेतांतून पांढरा कांदा निघालेला असतो आणि त्याच्या विणलेल्या माळा घराघरांत टांगलेल्या असतात. उरणच्या बंदरात पाळीवर असलेल्या मित्राला अलिबागचा मित्र लिहील: 'ए बंदरवाल्या, गुढी उभारलीस की अजून ड्युटीवरच? आईनं कांद्याची माळ बाजूला काढून ठेवलीय तुझ्यासाठी. रविवारी आला नाहीस तर मीच खाणार आणि तुला फोटो पाठवणार.' हा निरोप दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही, आणि मित्राच्या निरोपाची परीक्षा हीच आहे. ज्या ओळी नाव बदलून पुढे पाठवता येतात त्या मित्रासाठी लिहिलेल्या नसतात. फक्त एक मर्यादा सांभाळायला हवी: चिडवणे दोघांतच शोभते. तेच वाक्य शाळेच्या जुन्या वर्गाच्या गटावर, तीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्रांसमोर टाकले की एकाची चेष्टा होते आणि बाकीचे फक्त पाहत राहतात.

गटावरून आठवले, की सगळ्यांत व्यवहारी आक्षेप तिथूनच येतो. आता एकेकाला वेगळे लिहायला वेळ कुणाला आहे? कुटुंबाचा एक गट असतो, त्यात ऐंशीची आत्या असते आणि बारावीतला भाचा असतो. एकच निरोप टाकायचा, तर सूर कुणाचा धरायचा? याचे उत्तर त्या जुन्या कार्डाने कधीच देऊन ठेवले आहे. तेही घरात मोठ्याने वाचले जाई, म्हणजे ते गटावरचेच पत्र होते. 'आज पाडवा. सर्व थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बरोबरीच्यांनी श्रीखंड संपवायच्या आत यावे' एवढे लिहिले तरी तिन्ही दिशा त्यात येतात आणि प्रत्येकाला आपली ओळ सापडते. मात्र हे लिहिणाऱ्याला गटात कोण कोण आहे हे आठवावे लागते. विशेषतः हे, की गटात कुणाच्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे का. आपल्याकडे बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत, गुढीही उभारत नाहीत. अशा घरी फुलांच्या तोरणाचे चित्र पोहोचणे हा निरोपातला सर्वांत मोठा दोष, आणि तो कुठल्याही विशेषणाने झाकला जात नाही. त्या घरी वेगळे, एकट्याला लिहावे: 'काकू, नमस्कार. यंदा सण नाही हे माहीत आहे. दादांची आठवण आली म्हणून लिहिलं. उत्तर देऊ नका, संध्याकाळी फोन करते.'

उत्तराचाही एक शब्द सांगायचा राहिला. थोरांनी तरुणांच्या नमस्काराला 'तुलाही शुभेच्छा' असे उत्तर देणे अलीकडे वाढले आहे, आणि मला ते देणाऱ्यांच्या नम्रतेपेक्षा संकोचाचे लक्षण वाटते. पुतण्याने आशीर्वाद मागितला आहे, तर तो द्यावा. 'सुखी राहा, मुलांना घेऊन नक्की या, वाडीतले आंबे तयार होतील तोवर' असे काकांनी लिहिले तर पुतण्याच्या निरोपातली मेची भेट पक्की होते. सहकाऱ्याने 'धन्यवाद, तुम्हालाही' म्हटले की पुरे. आणि मित्राने बहुधा उत्तर देऊच नये. रविवारच्या लाँचने यावे.